जादा करेक्शननंतर सुधारित कोटेशनचा ई-मेल कसा लिहावा : फ्रीलान्स ग्राफिक डिझायनरसाठी

डिझाइनच्या कामाचे कोटेशन बहुतेक वेळा ठोक रकमेचे असते आणि त्याखाली एक ओळ असते : ‘या रकमेत बदलांच्या दोन फेऱ्या समाविष्ट आहेत, त्यानंतरच्या बदलांना तासाच्या दराने आकारणी होईल.’ काम ठरताना या ओळीवर क्वचितच बोलणे होते, आणि तिसरी-चौथी फेरी उलटून गेल्यावर ती एकदम महत्त्वाची ठरते. त्या वेळी जो ई-मेल लिहावा लागतो, त्याविषयीच हा लेख आहे. माझे ठाम मत असे की, हा ई-मेल मान्य होतो की नाही हे त्याच्या भाषेपेक्षा त्याआधीच्या दोन गोष्टींवर ठरते. जादा आकारणी सुरू होत असल्याचे ग्राहकाला आधी कळलेले असले पाहिजे, आणि झालेल्या कामाची नोंद त्याला पडताळता येईल अशी असली पाहिजे.

समजायला सोपे जावे म्हणून संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेतो. पुण्यातील एका डिझायनरकडे सांगलीच्या मसाला उद्योगाचे काम आहे : हळद, मिरची पूड, गरम मसाला आणि कांदा-लसूण मसाला या चार पाउचची पुढची-मागची आर्टवर्क्स, प्रत्येकी ७,००० रुपये, एकूण २८,००० रुपये. त्यात बदलांच्या दोन फेऱ्या धरलेल्या आहेत आणि पुढील बदलांना तासाला ९०० रुपये दर आहे. हे कोटेशन ६ मे रोजी ई-मेलने गेले, ८ मे रोजी मालकांनी त्याच ई-मेलला ‘मंजूर’ असे उत्तर दिले आणि १४,००० रुपये ॲडव्हान्स जमा झाला. मेअखेर दोन फेऱ्या संपल्या आणि जूनमध्ये आणखी दोन झाल्या.

आधी वर्गवारी : फेरी, चूक आणि नवे काम

ई-मेल लिहायला बसण्यापूर्वी जूनमधला सगळा पत्रव्यवहार आणि व्हॉट्सॲपवरचे सर्व निरोप एका कागदावर तारखेनुसार उतरवून घ्यावेत. मग प्रत्येक बदल तीनपैकी कोणत्या प्रकारात बसतो ते ठरवावे. कंटाळवाणे असले तरी बहुतेक वाद इथेच मिटतात.

पहिला प्रकार म्हणजे खरी फेरी. ग्राहकाने एका प्रूफवर दिलेले सगळे अभिप्राय आणि त्यानुसार केलेले बदल मिळून एक फेरी होते. रात्री अकरा वाजता आलेला ‘लोगो जरा मोठा करा’ हा निरोप आणि सकाळी आलेला ‘नको, आधीचाच ठीक होता’ हा निरोप एकाच प्रूफवरचे असतील, तर त्या दोन फेऱ्या होत नाहीत. निरोपांची संख्या मोजून फेऱ्या वाढवल्या तर ग्राहक पहिला आक्षेप तिथेच घेतो, आणि तो आक्षेप योग्य असतो. नवे प्रूफ गेले की नवी फेरी सुरू झाली, हा मापदंड धरावा. त्यासाठी फाइलच्या नावातच फेरी लिहिण्याची सवय उपयोगी पडते : `Halad-200g_R3_v2.pdf` हे नाव पाहिले की तिसऱ्या फेरीतील दुसरी आवृत्ती हे दोघांनाही समजते.

दुसरा प्रकार म्हणजे आपली स्वतःची चूक. बॅच क्रमांक, तारीख आणि एमआरपी छापण्यासाठी पाउचवर मोकळी जागा सोडावी लागते. ती जागा कारखान्यातील कोडिंग मशीनच्या छापापेक्षा लहान राहिली, तर ती मोठी करण्याचा वेळ ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. ब्लीड कमी पडणे, दिलेला मजकूर उतरवताना अक्षर गळणे, प्रेसने सांगितलेल्या डाय-लाइनबाहेर मजकूर जाणे हेही याच वर्गातले. याउलट ग्राहकाने आधी दिलेला पोषणमूल्यांचा तक्ता नंतर प्रयोगशाळेच्या अहवालानुसार बदलला, तर तो मजकुरातील बदल ग्राहकाच्या बाजूचा आहे. लेबलवर एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे माहिती अचूक असावीच लागते हे खरे. पण ती माहिती उत्पादकाकडून येते, आणि ती उशिरा बदलली तर चारही लेबलांवरचा तक्ता पुन्हा बसवण्याचे काम आपण नव्याने करतो.

तिसरा प्रकार नव्या कामाचा, आणि तो सर्वांत जास्त निसटतो. ‘हळदीचे २०० ग्रॅमचे झालेच आहे, तेच ५०० ग्रॅमलाही करून टाका,’ हे वाक्य ऐकायला किरकोळ बदलासारखे वाटते. प्रत्यक्षात पाउचचा आकार बदलतो, डाय-लाइन नवी येते, निव्वळ वजनाचा आकडा आणि त्याची उंची पुन्हा तपासावी लागते. हे काम तासांच्या हिशेबात घातले तर ग्राहकाला वाटते की बदलच फार महाग पडत आहेत. त्यामुळे त्याला वेगळी ओळ आणि वेगळी ठोक रक्कम द्यावी.

आपल्या उदाहरणात तिसऱ्या फेरीत प्रेसवरचे छापील प्रूफ पाहून मिरची पूड आणि कांदा-लसूण मसाल्याचा लाल रंग बदलला, चारही तक्ते नव्या अहवालानुसार झाले आणि बॅचची जागाही मोठी केली. चौथ्या फेरीत मालकांच्या भावांनी जुना लोगो परत आणायला सांगितला आणि त्यामुळे चारही लेबलांच्या पुढच्या बाजूची मांडणी बदलली. त्यानंतर ५०० ग्रॅमच्या हळदीची मागणी आली.

तासांची नोंद कशी मांडावी

तासाच्या दराबद्दल ग्राहकाच्या मनात एक रास्त शंका असते : एवढा वेळ खरोखर लागला हे मी कशावरून मानू? नुसता ‘साडेआठ तास’ हा आकडा त्या शंकेला उत्तर देत नाही. प्रत्येक नोंदीत तारीख, कोणत्या निरोपावरून काम केले, काय केले आणि कोणती फाइल पाठवली, इतक्या गोष्टी हव्यात. उदाहरणार्थ : ‘१० जून, सकाळचा ई-मेल, जुना लोगो पुन्हा रेखून चारही लेबलांवर बसवला, १ तास ४५ मिनिटे, `R4_v1` पाठवली.’ ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये त्याच तारखेला ती फाइल पडलेली असते, त्यामुळे नोंद आपोआप पडताळली जाते.

वेळ पाव तासाच्या पटीत धरणे सर्वमान्य आहे, पण प्रत्येक छोटी नोंद वर ओढून पाव तास करू नये. पाच-पाच मिनिटांची सहा कामे दीड तास होऊन बसतात आणि बारकाईने पाहणाऱ्या ग्राहकाला ते लगेच दिसते. मिनिटे जशी आहेत तशी लिहावीत, फेरीच्या शेवटी एकदाच बेरीज करावी आणि ती जवळच्या पाव तासावर आणावी. फोनवरील चर्चा, फाइल अपलोड होण्याची वाट आणि आपण स्वतःहून करून पाहिलेले पर्याय मी या बेरजेत धरत नाही, कारण ग्राहकाने ते मागितलेले नसतात. चर्चेचा वेळ आकारायचा असेल तर ते मूळ कोटेशनमध्येच लिहिलेले असावे.

उदाहरणातील तिसऱ्या फेरीला ४ तास १५ मिनिटे लागली. त्यातील ४५ मिनिटे बॅचच्या जागेची, म्हणजे डिझायनरच्या चुकीची आहेत. उरलेल्या साडेतीन तासांचे ३,१५० रुपये झाले. चौथ्या फेरीला ५ तास लागले, त्याचे ४,५०० रुपये. जादा आकारणी एकूण ७,६५० रुपये. वगळलेली ४५ मिनिटे गुपचूप काढून टाकू नयेत. ती शून्य रकमेसह ई-मेलमध्ये दाखवावीत. आपली चूक आपण मोजली आणि वगळली हे पाहिल्यावर उरलेल्या तासांवरचा विश्वास वाढतो.

सूचनेचा छोटा ई-मेल, काम सुरू करण्यापूर्वी

सुधारित कोटेशन हा खरे तर दुसरा ई-मेल असतो. पहिला ई-मेल तिसऱ्या फेरीचे अभिप्राय हाती आल्याबरोबर, संगणकावर फाइल उघडण्यापूर्वी पाठवायचा असतो आणि तो तीन-चार वाक्यांचाच असतो :

> आपले १ जूनचे अभिप्राय मिळाले. मूळ कोटेशनमधील बदलांच्या दोन्ही फेऱ्या २७ मे रोजी पूर्ण झाल्या असल्याने हे बदल तासाला ९०० रुपये या ठरलेल्या दराने होतील. माझ्या अंदाजाने यासाठी ३ ते ४ तास लागतील. आपण होकार कळवताच काम सुरू करतो.

यावर ‘ठीक आहे, करा’ इतके उत्तर पुरेसे असते. होकार फोनवर आला तर त्याच दिवशी ‘आज फोनवर ठरल्याप्रमाणे काम सुरू करत आहे’ असा ई-मेल टाकावा. चौथ्या फेरीपूर्वीही हाच मजकूर नव्या अंदाजासह पुन्हा पाठवावा. अंदाज ओलांडला जाईल असे दिसू लागले तर काम मध्येच थांबवून कळवावे. चार तास सांगून सात तासांचा हिशेब पाठवणे ग्राहकाला मान्य होणार नाही आणि होऊही नये.

सुधारित कोटेशनचा ई-मेल

सूचना वेळेवर गेली असेल तर या ई-मेलमध्ये धक्का काहीच उरत नाही. त्याचे काम एवढेच की, आधी ठरलेले, आतापर्यंत झालेले आणि पुढे करायचे असे तीन भाग वेगवेगळे दाखवून एकूण रक्कम समोर ठेवावी आणि पुढच्या भागासाठी होकार मागावा. झालेले आणि होणारे एकाच आकड्यात मिसळले की ग्राहकाला आपण नेमके कशाला मान्यता देत आहोत तेच कळत नाही.

हा ई-मेल जुन्याच साखळीत, म्हणजे ८ मेच्या ‘मंजूर’ या उत्तराखाली पाठवावा. सोबतच्या पीडीएफला जुनाच कोटेशन क्रमांक ठेवून ‘सुधारणा १’ असे जोडावे आणि जुनी पीडीएफ बदलून टाकू नये. फोनवर आपण त्यांना दादा किंवा ताई म्हणत असलो तरी ई-मेलमध्ये ‘आपण’ ठेवावे, कारण तो पुढे अकाउंटंटकडे आणि भागीदारांकडे जातो. संपूर्ण मजकूर असा होईल :

> विषय : मसाला पाउच आर्टवर्क – कोटेशन क्र. १७, सुधारणा १ (मंजुरीसाठी)
>
> सस्नेह नमस्कार,
>
> चारही पाउचच्या चौथ्या फेरीची प्रूफ काल, १२ जून रोजी, आपल्याला पाठवली आहेत. आतापर्यंतच्या जादा बदलांचा हिशेब आणि पुढील कामाची रक्कम एकत्र असलेले सुधारित कोटेशन सोबत जोडत आहे. त्याचा तपशील खाली दिला आहे.
>
> अ. मूळ कोटेशन (८ मे रोजी मंजूर) : चार पाउचची आर्टवर्क्स, बदलांच्या दोन फेऱ्यांसह – २८,००० रु.
>
> आ. पूर्ण झालेले जादा बदल, तासाला ९०० रु. दराने :
> फेरी ३ (१ ते ४ जून) : दोन पाउचच्या लाल रंगातील बदल आणि नव्या अहवालानुसार पोषणमूल्यांचे चार तक्ते – ३ तास ३० मिनिटे – ३,१५० रु.
> फेरी ३ : बॅच क्रमांकाची जागा मोठी करणे – ४५ मिनिटे – आकारणी नाही, ही दुरुस्ती माझ्या बाजूची होती.
> फेरी ४ (९ ते १२ जून) : जुना लोगो आणि चारही पाउचच्या पुढच्या बाजूची नवी मांडणी – ५ तास – ४,५०० रु.
> जादा बदल एकूण – ७,६५० रु.
>
> आजपर्यंतची एकूण रक्कम ३५,६५० रु. असून त्यातून मिळालेला ॲडव्हान्स १४,००० रु. वजा जाता २१,६५० रु. बाकी राहतात.
>
> इ. पुढील काम, आपल्या मंजुरीनंतर :
> शेवटची फेरी, जास्तीत जास्त २ तास – कमाल १,८०० रु. (प्रत्यक्ष लागेल तेवढ्याच वेळेची आकारणी होईल.)
> हळद ५०० ग्रॅम पाउच, नवीन डाय-लाइनवर – ४,००० रु., एका फेरीसह.
>
> ही दोन्ही कामे झाल्यास एकूण रक्कम जास्तीत जास्त ४१,४५० रु. होईल.
>
> शेवटच्या फेरीसाठी आपले आणि आपल्या बंधूंचे सर्व अभिप्राय एकाच ई-मेलमध्ये एकत्र मिळाले तर दोन तासांत काम निश्चित पूर्ण होईल. ‘इ’मधील दोन्ही कामांना किंवा त्यातील एका कामाला आपली मंजुरी याच ई-मेलला उत्तर देऊन १७ जूनपर्यंत कळवावी, म्हणजे प्रेसला ठरलेल्या तारखेला फाइल देता येईल. तासांची तारखेनुसार नोंद सोबत जोडली आहे. त्यातील कोणत्याही नोंदीबद्दल शंका असल्यास जरूर कळवावे.
>
> आपला / आपली,

या मसुद्यातील काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. सुरुवात प्रूफपासून होते, कारण ग्राहकाला आधी आपल्या कामाची स्थिती हवी असते. ‘क्षमस्व, पण सांगावे लागते’ असे काही त्यात नाही. ठरलेल्या दराने केलेल्या कामाचे पैसे मागताना क्षमा मागितली की तो दरच चुकीचा असल्यासारखे वाटते. ‘आपण वारंवार बदल सांगितल्यामुळे’ असेही कुठे नाही. कोणता बदल झाला एवढेच लिहिले की तो कोणामुळे झाला हे वाचणाऱ्याला कळते. शेवटच्या फेरीला कमाल मर्यादा दिली आहे, कारण तासाच्या दराची भीती त्याच्या उघड्या टोकाची असते. ५०० ग्रॅमच्या पाउचला ७,००० ऐवजी ४,००० लावले आहेत, कारण रचना तयार आहे आणि काम ती नव्या आकारात बसवण्याचे आहे.

जीएसटीबद्दल एक वाक्य घालावे लागते. डिझायनरची नोंदणी असेल तर या रकमांवर १८ टक्के जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवावा, नाहीतर शेवटच्या बिलात रक्कम अचानक फुगलेली दिसते. नोंदणी नसेल तर जीएसटी आकारता येतच नाही. टीडीएसकडेही लक्ष असावे : व्यावसायिक शुल्कावर साधारणतः १० टक्के कपात होते आणि एप्रिल २०२५ पासून तिची वार्षिक मर्यादा ५०,००० रुपये आहे. हे एकच काम ४१,४५० रुपयांचे असले, तरी त्याच वर्षी त्याच ग्राहकाचे आणखी एखादे काम असेल तर मर्यादा ओलांडली जाऊ शकते. अशा वेळी कापलेली रक्कम कमी पैसे दिल्याची खूण समजू नये.

मूळ कोटेशनमध्ये दर नसेल तर

वरचा ई-मेल मूळ कोटेशनमध्ये फेऱ्यांची संख्या आणि तासाचा दर होता म्हणून लिहिता आला. तसे नसेल तर परिस्थिती वेगळी आहे आणि ती मान्य करूनच लिहावे लागते. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ६२ प्रमाणे झालेला करार बदलायचा तर दोन्ही पक्षांची संमती लागते. त्यामुळे एकतर्फी पाठवलेले सुधारित कोटेशन हा फक्त प्रस्ताव असतो, ते ग्राहकाने स्वीकारेपर्यंत त्याला देणे म्हणता येत नाही. ही संमती ई-मेलवर घेतली तरी चालते. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून करार अवैध ठरत नाही, अशी तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मध्ये आहे.

अशा वेळी झालेल्या फेऱ्या ‘आकारणी’ म्हणून न लिहिता ‘आतापर्यंत दोन जादा फेऱ्यांचे साडेआठ तासांचे काम मूळ रकमेतच करून दिले आहे’ असे नोंदवावे आणि पुढच्या फेरीपासून दर सुचवावा. झालेल्या कामाचा काही भाग मिळावा असे वाटत असेल तर तसे सरळ विचारता येते, पण ती विनंती आहे हे वाक्यातून दिसले पाहिजे. मागच्या तारखेचा दर बिलात घालून पाहण्यात अर्थ नाही. त्यातून पैसे क्वचित मिळतात आणि पुढचे काम मात्र हमखास जाते.

उत्तर आल्यावर

बहुतेक वेळा ‘थोडे कमी करा’ असे उत्तर येते. अशा वेळी दर कमी करू नये, काम कमी करावे : ‘शेवटच्या फेरीतील बदल फक्त दोन पाउचपुरते ठेवल्यास ती एका तासात, ९०० रुपयांत होईल.’ तासाचा दर एकदा ९०० वरून ७०० झाला की पुढच्या प्रत्येक कामात तोच दर धरला जातो. तरीही नाते जपण्यासाठी सूट द्यायची असेल, तर ती वेगळी ओळ करून ‘या कामापुरती सूट’ अशी लिहावी आणि तासांचा आकडा तसाच ठेवावा.

दुसरे उत्तर ‘एवढे तास कसे?’ असे असते. यावर लांबलचक खुलासा न करता विचारलेल्या नोंदीसमोरची फाइल आणि तिच्या आधीची फाइल शेजारी ठेवून पाठवावी. दोन मांडण्यांमधला फरक डोळ्यांनी दिसला की सहसा प्रश्न उरत नाही. एखादी नोंद खरोखर जास्त निघाली तर ती लगेच कमी करून ‘सुधारणा २’ पाठवावी.

तिसरी शक्यता शांततेची. प्रूफवर अभिप्राय येतात, पण कोटेशनवर काहीच येत नाही. मौन म्हणजे होकार असे धरून पाचवी फेरी सुरू करू नये. ‘अभिप्राय मिळाले, सुधारणा १ मधील शेवटच्या फेरीला मंजुरी मिळताच हे बदल हाती घेतो,’ एवढेच कळवावे. बाकी मिळाल्यावरच छपाईची अंतिम फाइल द्यायची ही अट मूळ कोटेशनमध्ये असेल तर तिची एकदा आठवण द्यावी. ती तिथे नसेल तर सुधारणेत गुपचूप घालू नये. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या एमएसएमई कायद्याने उशिरा मिळणाऱ्या पैशांबाबत संरक्षण दिले आहे, आणि लेखी ठरवूनही मुदत ४५ दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. मात्र त्याचा उल्लेख बिलाची मुदत उलटल्यावरच्या पत्रात शोभतो. मंजुरी मागणाऱ्या ई-मेलमध्ये तो धमकीसारखा वाचला जातो.

मंजुरी आल्यावर अंतिम बिलात अ, आ, इ याच क्रमाने, याच शब्दांत ओळी घ्याव्यात आणि वर ‘कोटेशन क्र. १७, सुधारणा १, मंजुरी दि. १६ जून’ असा, जी खरी तारीख असेल ती घालून, संदर्भ द्यावा. शेवटच्या फेरीला दोन तासांऐवजी सव्वा तास लागला असेल तर तिथे १,१२५ रुपयेच लिहावेत. पैसे सोडणारा अकाउंटंट बहुधा आधीच्या पत्रव्यवहारात नसतो. त्याला बिलातील प्रत्येक ओळ मंजूर झालेल्या कागदावर जशीच्या तशी सापडली, तर फोन न करता तो रक्कम पाठवतो.